घास तोंडातच राहतो: प्रगत डिमेन्शियात नाकातून नळी घालण्याआधी काय तपासावे

प्रश्न: माझे सासरे ८० वर्षांचे आहेत, साखर कारखान्यातून रिटायर झालेत. सात वर्षांपासून डिमेन्शिया आहे. आता चार-पाच शब्दच बोलतात, कुणाला ओळखत नाहीत, पण चालतात. रोज चारच्या सुमारास ‘पाळीला जायचंय’ म्हणून दाराशी झटापट करतात, दोनदा उसातून शोधून आणलं. पंधरा दिवसांपासून रात्रभर ओरडतात, आंघोळ घालताना मारतात आणि घास गालात धरून बसतात. दोन महिन्यांत वजन ५१ वरून ४६ किलो झालं. दवाखान्यात झोपेची गोळी वाढवली आणि नाकातून नळी घाला म्हणाले. मिस्टर नोकरीला, दीर पुण्यात. तीन आठवडे मी सलग झोपलेली नाही. नळी घालावी का? (वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर:

या आठवड्यात नळी घालू नका. पुढे कधी घालावीच लागणार नाही, असे मी म्हणत नाही. पण आज तो निर्णय घेण्याइतकी माहिती तुमच्याकडे नाही आणि, तुमच्या वर्णनावरून, नळी सुचवणाऱ्यांकडेही नसावी. मी सासऱ्यांना पाहिलेले नाही. मिरजेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ वृद्ध रुग्णांवर उपचार करताना कोणत्या क्रमाने पाहायला शिकले, तेवढेच इथे लिहिते.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पंधरा दिवसांपासून’ हा आहे. अल्झायमर्समुळे होणारा डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी उतरतो, आठवड्यात कोसळत नाही. जो माणूस मागच्या महिन्यात रात्री झोपत होता आणि घास गिळत होता, तो पंधरा दिवसांत ओरडू लागला, मारू लागला आणि गिळेनासा झाला, तर मूळ आजार वाढला असे मानण्याआधी त्यावर दुसरे काही येऊन बसले आहे का, हे शोधावे लागते. शरीरातल्या एखाद्या बिघाडामुळे अचानक आलेल्या अशा गोंधळाला आम्ही डेलिरियम म्हणतो. प्रगत डिमेन्शियाच्या रुग्णात तो फार सहज होतो आणि तितक्याच सहज नजरेतून सुटतो, कारण ‘आजारच तो, वाढणारच’ असे घरचेही म्हणतात आणि डॉक्टरही.

तुम्हाला दोन सल्ले मिळाले, झोपेची गोळी वाढवण्याचा आणि नळी घालण्याचा. माझ्या मते हे दोन्ही सल्ले एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवेत. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या जातीच्या गोळ्यांनी वृद्ध माणूस दिवसाही पेंगतो, गिळण्याचे स्नायू ढिले पडतात आणि घास तोंडातच राहतो. भास किंवा आक्रमकपणासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी अंग ताठर होते आणि त्यातही गिळणे बिघडते. म्हणून घास धरून ठेवणे गोळी सुरू होण्याआधीपासून होते की नंतर सुरू झाले, हे पहिल्यांदा तारखा लावून पाहा. गोळीनंतर सुरू झाले असेल, तर ज्या डॉक्टरांनी ती लिहिली त्यांना हेच वाक्य सांगा आणि हळूहळू कमी करण्याबद्दल विचारा. ती स्वतःहून एकदम बंद करू नका, कारण बराच काळ चाललेली झोपेची गोळी अचानक तोडली तर आकडीसुद्धा येऊ शकते.

ही सावधगिरी मला एका चुकीने शिकवली. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्री ओरडणाऱ्या एका आजोबांना मी न तपासता, मुलाने फोनवर केलेल्या वर्णनावरूनच झोपेची गोळी लिहून दिली. तिसऱ्या रात्री ते संडासाच्या उंबऱ्यावर पडले आणि खुबा मोडला. नंतर कळले की त्यांना आठ दिवस शौचाला झाले नव्हते आणि ते ओरडत होते ते त्यासाठी.

काय शोधायचे, हे तासगावकडच्या एका आजींच्या उदाहरणावरून सांगते. वय ८१, नऊ वर्षांचा अल्झायमर्स, बोलणे ‘आई गं’ आणि ‘नको’ एवढ्यावर आलेले. दहा दिवसांपासून रात्री आरडाओरडा, जेवण थुंकणे आणि कुणी कपड्याला हात लावला की ओरबाडणे. मुलाला नळीबद्दल माझे मत हवे होते. मी आजींच्या पलंगावर बसले आणि औषधांची पिशवी उलटी केली. त्यात रक्तदाबाची, थायरॉइडची आणि डिमेन्शियासाठीची डोनेपेझिल ही गोळी होतीच; शिवाय गावच्या मेडिकलमधून आणलेली खोकल्याच्या औषधाची बाटली होती, बारा दिवसांपूर्वी फोडलेली. बाटलीवर क्लोरफेनिरामीन लिहिले होते. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांत असणारा हा घटक वृद्ध मेंदूत गोंधळ वाढवतो, तोंड कोरडे पाडतो, आतडे मंद करतो आणि लघवी अडवतो. ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली एक घट्ट गोळा लागला आणि दाबताच आजी किंचाळल्या. नर्सने नळी घालून लघवी काढली, ती ७०० मिलीच्या वर भरली. गुदमार्गात बोट घालून पाहिले तर खड्यासारखा कडक मळ. तोंड उघडले तर खालच्या कवळीखाली लाल चट्टा आणि जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर, म्हणजे बुरशी.

या बाईंना गिळता येत नव्हते, असे नाही. तोंड भाजल्यासारखे दुखत होते, पोट आणि मूत्राशय तट्ट भरले होते आणि हे सांगायला शब्द नव्हते. खोकल्याचे औषध बंद केले, एनिमा दिला, तोंडाला बुरशीनाशक औषध लावले, कवळी काढून ठेवली आणि रोज रात्री शौच मऊ करणारे लॅक्टुलोज सुरू केले. लघवीची नळी तीन दिवसांनी काढली. पाचव्या दिवशी त्या रात्री झोपल्या आणि आठव्या दिवशी शिरा मागून खाल्ला. ‘मागून’ म्हणजे वाटीकडे हात नेला, एवढेच.

तुमच्या घरी हीच पाहणी करा. त्यातली निम्मी तुम्हाला स्वतःला जमेल. चांगल्या उजेडात, शक्यतो सकाळी, बॅटरी घेऊन तोंडात पाहा: कवळी, हललेला दात, गालाच्या आत साठलेला जुना घास, पांढरा थर, चट्टा. शेवटचा नीट शौच कधी झाला ते आठवा. तीन दिवस झाले असतील तर थांबू नका, आणि थोडे थोडे पातळ गळत असेल तर ‘जुलाब लागलेत’ असे समजून बंद करणारी गोळी देऊ नका, कारण अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ असाच गळतो. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते: बद्धकोष्ठासाठी आपल्याकडे सर्रास देतात ते इसबगोल या अवस्थेत देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागते, आणि पाणीच नीट न गिळणाऱ्या माणसाच्या घशात किंवा आतड्यात त्याचा गोळा बसतो. लघवी थेंबथेंब होते का, वास बदलला का, अंग गरम लागते का, हेही पाहा. डॉक्टरांकडून पोट आणि छाती तपासून घ्या, लघवी, हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियमची तपासणी मागा. लघवी कमी करणाऱ्या काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी सोडियम उतरते, आणि ते उतरले की माणूस वेड्यासारखा वागतो. औषधांची सगळी पिशवी सोबत न्या, मलमे आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट. डोनेपेझिल चालू असेल तर ते भूक मारत असेल का, हेही विचारा. इतक्या पुढच्या टप्प्यावर त्याचा फायदा किती उरला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

यानंतर वेदना. ऐंशीच्या माणसाचे गुडघे, कंबर, मान यांपैकी काही ना काही दुखतच असते. बोलता येत नसेल तर दुखणे शरीरातूनच वाचावे लागते: श्वास कसा चालतो, कण्हतात का, कपाळ आक्रसते का, हात-पाय आवळून धरतात की झिडकारतात, आणि आपण हात धरला तर शांत होतात की नाही. नॉर्वेत वृद्धाश्रमांतल्या ३५२ डिमेन्शिया रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठरावीक वेळेला वेदनाशामक दिल्यावर आठ आठवड्यांत चिडचिड आणि आरडाओरडा स्पष्टपणे कमी झाला, आणि बहुतेकांना लागले ते साधे पॅरासिटामॉलच. तुमच्या सासऱ्यांचे वजन ४६ किलो आहे, म्हणून दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. यकृताचा आजार नसेल तर डॉक्टरांना विचारून ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, घड्याळ लावून, आठवडाभर देऊन पाहा आणि आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी एक वेळ येईल असे बसवा. दुखले तर द्यायचे, असे ठेवू नका, कारण दुखले हे ते सांगणार नाहीत.

आंघोळीला मारतात, त्यामागे बऱ्याचदा वेदना असते, उरलेली भीती असते. डोक्यावरून अचानक आलेला पाण्याचा तांब्या त्यांना हल्ल्यासारखा वाटतो. रोज आंघोळ हवीच, हा आग्रह सोडा. आठवड्यातून दोनदा पुरे. बाकी दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने, पायापासून सुरुवात करून, जो भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवून पुसा आणि त्यांच्या दोन्ही हातांत धरायला एक एक नॅपकिन द्या. ज्या हातात काही धरलेले असते तो हात सहसा मारत नाही.

आता जेवणाकडे येते, कारण नळीचा प्रश्न खरा तिथेच सुटतो. माणूस पूर्ण जागा असल्याशिवाय घास देऊ नका. पेंगणाऱ्याला भरवलेला घास फुफ्फुसात जातो. दिवसातला त्यांचा सर्वांत तल्लख वेळ कोणता ते शोधा. बहुतेकांचा तो सकाळी आठ ते अकरा असतो; दिवसाचे मोठे जेवण तेव्हा द्या, आणि रात्री सक्ती करू नका. पलंगावर टेकून नाही, खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, हनुवटी किंचित छातीकडे. तुम्ही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. उभ्याने भरवले की ते वर पाहतात, मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. टीव्ही बंद.

लहान चमचा घ्या आणि तो अर्धाच भरा. घास जिभेच्या मधोमध ठेवून जीभ किंचित दाबा, मग चमचा बाहेर काढा आणि त्यांच्या गळ्याकडे पाहा. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे गिळले. तो हलेपर्यंत दुसरा घास नाही. घास धरून बसले तर रिकामा थंड चमचा ओठांना टेकवा, किंवा गालावरून बाहेरून बोट फिरवा. दुसरा घास येतोय असे वाटून पहिला गिळला जातो. माझ्या अनुभवात ही एक युक्ती इतर दहा युक्त्यांपेक्षा जास्त वेळा चालते. नाक दाबून तोंड उघडायला लावणे आणि सिरिंजने घशात ओतणे, हे दोन प्रकार आपल्याकडे प्रेमानेच केले जातात, पण त्यांनी न्यूमोनियाच होतो.

काय द्यायचे, यात आपल्या स्वयंपाकघरातली एक गफलत मला वारंवार दिसते. आपण मऊ म्हणून दूध-भाकरी कुस्करून देतो. त्यातले दूध आधी घशात उतरते, भाकरीचे कण मागे राहतात, आणि थकलेल्या घशाला दोन वेगवेगळ्या गतीच्या गोष्टी एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. भाकरी द्यायचीच तर मिक्सरमधून एकजीव करून, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी घट्ट करून द्या. फोडणीच्या ताकातला कढीपत्ता, आमटीतली शेंग, पोहे, भडंग, शेंगदाणे हे बंद. नाचणीची घट्ट आंबील, मऊ वरण-भात घोटून, शिरा, दाट खीर, हुलग्याचे माडगे गाळून, पिकलेले केळे कुस्करून, हे चालते. गोडाची चव सगळ्यात शेवटपर्यंत टिकते, म्हणून खारट वरणाचा घास थुंकणारा माणूस त्याच वरणात थोडा गूळ घातला की गिळतो. मधुमेह असला तरी या टप्प्यावर मी साखरेचा हिशेब सैल करते. प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तूप घाला, त्यातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात आणि घास सरकतोही. पाण्याने ठसका लागत असेल तर पाणी पेजेसारखे दाट करून चमच्याने द्या. दाट पाण्याने ठसका कमी होतो, पण माणूस एकूण पाणीच कमी पितो, म्हणून दिवसाला किती वाट्या गेल्या ते लिहा. जेवण अर्ध्या तासापेक्षा फार लांबवू नका. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान करा, आणि नंतर अर्धा तास तरी सरळ बसवून ठेवा. शेवटी तोंडात बोटाला गुंडाळलेली ओली कापडाची पट्टी फिरवून गालातला उरलेला घास काढा. सासरे चावत असतील तर मऊ ब्रश वापरा.

जेवताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज पाण्यातून बोलल्यासारखा घरघरणे, संध्याकाळी ताप चढणे किंवा श्वास वाढणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. घास अडकून आवाजच निघेनासा झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा, नाही निघाला तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

कारण सापडले, औषधे सुधारली, असे भरवले आणि तीन-चार आठवड्यांनीही घास जात नसेल, तर मग तो आजाराचा शेवटचा टप्पा आहे. त्या आजींचेही चार महिन्यांनी तसेच झाले. त्या वेळी सगळे पुन्हा तपासले, काहीच सापडले नाही. मुलाला मी जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा पाठीच्या जखमा भरतात, असे दिसून आलेले नाही. न्यूमोनिया होतो तो मुख्यतः लाळेने आणि पोटातून उलट येणाऱ्या अन्नाने, आणि ते दोन्ही नळी असतानाही चालूच राहते. नळी टोचते म्हणून रुग्ण ती ओढतो, मग हात बांधले जातात, बांधलेला माणूस आणखी ओरडतो, मग गुंगीची गोळी वाढते. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही नळीऐवजी हाताने, जितके आनंदाने जाईल तितके भरवण्याचाच आहे. तिथल्याच ३२३ रुग्णांवर १८ महिने लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात दहापैकी आठांहून जास्त जणांना खाण्याची अडचण आली आणि निम्म्याहून अधिक जण त्या काळात गेले. म्हणजे घास नाकारणे ही या आजाराची अखेरची वाट आहे; तुमच्या भरवण्यात काही कमी पडले, असा त्याचा अर्थ नाही.

नळी योग्य ठरते ती थोड्या दिवसांसाठी, जेव्हा बरे होणारे कारण समोर असते: नुकताच झालेला अर्धांगवायू, किंवा उतरू लागलेला जंतुसंसर्ग. तेव्हाही डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: किती दिवसांसाठी, आणि काय बदलले म्हणजे काढणार? उत्तर ‘आता कायमची’ असे आले तर घरात बसून पुन्हा विचार करा. भावकीत ‘उपाशी मारले’ असे बोलले जाईल, हे मला माहीत आहे. त्यासाठी दिरांना, आणि नणंद असेल तर तिलाही, त्या भेटीत बरोबर घेऊन जा, म्हणजे निर्णय एकट्या सुनेच्या नावावर राहणार नाही.

चार वाजताच्या झटापटीचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. कारखान्यात त्यांची पाळी बहुधा चारला सुरू होत असावी. आयुष्यभर त्या वेळेला ज्यांनी डबा उचलला, त्यांना ‘तुम्ही रिटायर झालात’ हे समजावणे म्हणजे रोज त्यांना कामावरून काढणे. दाराशी वाद घालू नका. सव्वातीनला लघवीला नेऊन आणा, चहा आणि काही गोड द्या, टोपी आणि चपला चढवा आणि साडेतीनलाच तुम्ही किंवा घरातले दुसरे कुणी त्यांना घेऊन गल्लीतून एक फेरी मारून आणा. परत आले की ‘पाळी झाली, हात-पाय धुवा’ म्हणा. हंगामात भोंगा ऐकू येत असेल तर त्या वेळी ते बाहेरच असतील, असे पाहा. दाराची कडी डोळ्यांच्या उंचीला न ठेवता अगदी खाली बसवा आणि दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडा. बाहेरून कुलूप लावून घरात एकटे ठेवणे, किंवा खाटेला बांधणे, हे दोन्ही नको. पहिल्यात आग लागली तर, आणि दुसऱ्यात धडपडून गळ्याला फास बसला तर जीव जातो.

तुमच्याकडे उसाचा धोका वेगळा आहे. असा माणूस हाक मारली तर ओ देत नाही. वाट संपली तरी तो वळत नाही, अडकेपर्यंत पुढेच जातो आणि तिथेच बसून राहतो. म्हणून शोधताना पंधरा जणांनी रस्त्यावरून हाका मारत फिरण्यापेक्षा आधी घराच्या खोल्या, संडास, गोठा, मग विहीर आणि पाण्याची टाकी, मग शेवटचे दिसले तिथून जवळच्या उसाच्या प्रत्येक सरीत माणूस घालून पाहा. पंधरा-वीस मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ ला फोन करा, अंधार पडण्याची वाट पाहू नका. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. प्रत्येक सदऱ्याच्या आत कॉलरखाली नाव आणि दोन फोन नंबर शिवून घ्या; खिशातली चिठ्ठी ते टाकून देतात. विहिरीला जाळी नसेल तर हे काम पहिले करा.

हे सगळे करूनही ते स्वतःला किंवा तुम्हाला इजा करत असतील, तरच रिस्पेरिडोनसारखे औषध अगदी लहान मात्रेत, सहसा ०.२५ मिलिग्रॅमपासून, आणि सहा आठवड्यांत फेरविचार होईल अशा बोलीवर. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी या औषधांवर इशारा छापायला लावला, कारण सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांत मृत्यू ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.६ टक्के दिसले. भिंतीवर माणसे दिसणे, अंग ताठर होणे, दिवसागणिक कमी-जास्त होणे असा वेगळा प्रकार असेल, म्हणजे लेवी बॉडी डिमेन्शिया असेल, तर हॅलोपेरिडॉल मुळीच नको.

तीन आठवड्यांची झोपमोड या यादीत शेवटी आली, पण सुरुवात आज रात्रीपासून तिथूनच करा. थकलेल्या माणसाचा चमचा घाईने चालतो, कंठमणी हलायची वाट पाहत नाही, आणि मग ठसका लागतो. माझ्याकडे आलेल्या एक सूनबाई गॅसवर दूध ठेवून उभ्या उभ्या झोपल्या होत्या. दुसऱ्या एकींनी रडत सांगितले की काल मी त्यांना थप्पड मारली. अशा वेळी धीर धरा असे मी म्हणत नाही, रात्र वाटून घ्या म्हणते. तुमच्या घरात आठवड्याच्या दोन रात्री मिस्टरांच्या आणि, तुमचा मुलगा मोठा असेल तर, एक रात्र त्याच्या नावावर लिहा. त्या रात्री तुम्ही वेगळ्या खोलीत, दार लावून, किमान सहा तास सलग झोपायचे आहे. तसे नसेल तर ती रात्र पगारी माणसाला द्या. आंघोळ आणि कपडे बदलण्यासाठी गावातला एखादा पुरुष मदतनीस सकाळी दोन तास मिळाला तरी मारामारी कमी होते, कारण सुनेने अंगाला हात लावणे हे त्या पिढीच्या पुरुषाला आजारातही सहन होत नाही.

दिरांना पैसे मागताना ‘मदत करा’ असे म्हणू नका. महिन्याला रात्रीच्या मदतनीसाचे इतके, डायपरचे इतके, असा कागद पाठवा, आणि वर्षातून चार वेळा प्रत्येकी सात दिवस त्यांनी इथे येऊन राहायचे, त्या तारखाही त्याच कागदावर घाला. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४५६७ आहे. स्वतःला फार अंधारून आले, त्यांना मारावेसे किंवा स्वतःला संपवावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येते, रात्रीसुद्धा.

उद्या सकाळी तोंड आणि पोट पाहा, शौचाची तारीख आणि गोळी सुरू झाल्याची तारीख वहीत लिहा, आणि ती वही व औषधांची पिशवी घेऊन दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. ते पूर्ण पेंगलेले असतील, ताप असेल, बारा तास लघवी झाली नसेल किंवा दिवसभरात दोन-चार चमच्यांच्या वर काहीच जात नसेल, तर मात्र दोन दिवस थांबू नका. त्याच दिवशी सांगलीला किंवा मिरजेला दाखल करा, आणि नळीचा विषय तिथे निघालाच तर वर लिहिलेले दोन प्रश्न विचारा.